संदेशाची लांबी आणि विरामचिन्हे पाहून तो एसएमएस होता की व्हॉट्सॲप, हे ठरवता येते का?

म्हार्दोळची_वाचक

नमस्कार. फोंडा तालुक्यातील एका गावच्या वाचनालयात आम्ही काही जण मे २०२१ मधील तौक्ते वादळाच्या दिवसांत लोकांनी एकमेकांना पाठवलेले निरोप जमवत आहोत. १६ मे रोजी ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून पुढे गेले, झाडे आणि खांब कोसळले, कित्येक गावांत वीज लगेच परतली नाही. त्या काळात घराघरांतून गेलेले दोन-दोन ओळींचे निरोप जपून ठेवावेत, अशी आमची इच्छा आहे.

अडचण अशी आहे की बराचसा मजकूर आमच्याकडे वर्डच्या एका फाइलमध्ये आला आहे. पाठवणाऱ्याचे नाव आहे, तारीख बहुतेक ठिकाणी आहे, परंतु निरोप एसएमएसने आला, व्हॉट्सॲपवर आला, फेसबुकवर लिहिला गेला की ईमेलने आला, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. आमच्या एका सहकाऱ्यांनी असा नियम सुचवला आहे की शेवटी पूर्णविराम नसलेला आखूड मजकूर एसएमएस धरावा, मध्यम लांबीचा आणि उद्गारचिन्हांनी भरलेला व्हॉट्सॲपचा धरावा, आणि परिच्छेद पाडून, मायना घालून लिहिलेला ईमेलचा धरावा. हा नियम मला पटत नाही, पण तो का चुकतो हे समितीपुढे नेमक्या शब्दांत मांडता येईल असे मला हवे आहे. ज्यांना या विषयाची माहिती आहे त्यांनी कृपया लिहावे.

पेडण्याचा_वारा

ताई, नियम अगदीच टाकाऊ आहे असे मला वाटत नाही. देवनागरी एसएमएसला सत्तर अक्षरांची मर्यादा असते, हे ठाऊक आहे. म्हणून सत्तरच्या वरचा मजकूर एसएमएस नाही, एवढे तर निश्चित म्हणता येईल. पूर्णविरामाबद्दलही संशोधन झालेले आहे. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ साली १२६ विद्यार्थ्यांना घेऊन केलेल्या अभ्यासात असे आढळले की फोनवरील संदेशातल्या उत्तराच्या शेवटी पूर्णविराम असला तर ते उत्तर कमी मनापासूनचे वाटते, आणि तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असले तर तसे वाटत नाही. म्हणजे पूर्णविराम गाळणे हा फोनवरच्या लेखनाचा गुणधर्म आहे. मी तुमच्या सहकाऱ्यांच्या बाजूने आहे.

तारयंत्र_मडगाव

मी दूरसंचार क्षेत्रातून निवृत्त झालो आहे, म्हणून सत्तरच्या आकड्याविषयी लिहितो.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट इतकी जागा असते. साध्या रोमन लिपीसाठी प्रत्येक अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे १६ बिट लागतात, म्हणून ७०. येथपर्यंत वाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु सत्तरची मर्यादा एका तुकड्याची आहे, एका निरोपाची नाही. मजकूर वाढला की फोन त्याचे तुकडे करतो आणि ते पुन्हा क्रमाने जोडता यावेत म्हणून प्रत्येक तुकड्यात थोडी जागा जोडणीच्या खुणेसाठी राखून ठेवतो. त्यामुळे तुकड्यांत देवनागरीची ६७ आणि रोमनची १५३ अक्षरे मावतात. दोनशे अक्षरांचा मराठी निरोप तीन तुकड्यांत एसएमएसने सहज जातो आणि घेणाऱ्याला बहुधा एकसंध दिसतो. तेव्हा ‘सत्तरच्या वर म्हणजे एसएमएस नव्हे’ हे विधान टिकत नाही.

आणखी एक गोष्ट. आपण अक्षरे मोजतो तशी यंत्रणा मोजत नाही. ‘रस्त्यावर’ या शब्दात आपण चार अक्षरे म्हणू, यंत्रणा नऊ चिन्हे मोजते, कारण प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी आणि जोडाक्षरातला प्रत्येक हलंत वेगळा धरला जातो. तुमच्या सहकाऱ्यांनी लांबी बोटांवर मोजली असेल तर सगळे आकडे पुन्हा काढावे लागतील.

सांखळीची_सून

माझ्या सासूबाई व्हॉट्सॲपवरही ‘चि. सौ. … हिस अनेक आशीर्वाद’ असा मायना लिहितात, प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देतात आणि शेवटी ‘तुझी आई’ असे लिहून सही केल्यासारखे करतात. तुमच्या सहकाऱ्यांच्या नियमाने त्यांचा प्रत्येक निरोप ईमेल ठरेल, आणि त्यांनी जन्मात ईमेल उघडलेले नाही. उलट माझा मुलगा महाविद्यालयाला ईमेल पाठवतो तेव्हा त्यात एकही पूर्णविराम नसतो.

तोच मुलगा व्हॉट्सॲपवर एक विचार पाच वेळा पाठवतो. ‘आई’, मग ‘पोहोचलो’, मग ‘बस उशिरा होती’. फोन हातात असला की तसे, आणि संगणकावर असला तर एकच मोठा निरोप. त्याच्या माध्यमात काही फरक झालेला नसतो.

अक्षरजुळणी_पणजी

सांखळीच्या ताईंनी फार महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. पाच तुकडे कोणी एकत्र चिकटवून फाइलमध्ये ठेवले, तर आपल्याला एक लांब निरोप दिसेल. तसेच ठेवले, तर पाच आखूड निरोप दिसतील. लांबी ही अशी नोंद घेणाऱ्याच्या हाताने ठरते.

मी गेली कित्येक वर्षे डीटीपीचे काम करतो. म्हार्दोळच्या ताईंना माझा प्रश्न असा आहे की ही वर्डची फाइल कोणी तयार केली, आणि मजकूर चिकटवलेला आहे की टंकलेला? कारण वर्डमध्ये टंकताना सरळ अवतरणचिन्ह आपोआप वळणदार होते, तीन टिंबांचे एकच चिन्ह होते आणि दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ होते. आयफोनही २०१७ पासून सरळ अवतरणे वळणदार करतो. बऱ्याच फोनमध्ये दोनदा स्पेस दाबली की पूर्णविराम पडतो, म्हणजे काही पूर्णविराम लिहिणाऱ्याने दिलेलेच नसतात. आणि मराठी मजकुरात मधूनच हिंदीचा दंड दिसला, तर लिहिणाऱ्याच्या फोनवर हिंदी कळफलक सुरू होता, एवढेच त्यातून कळते. विरामचिन्हे कळफलकाविषयी आणि शेवटच्या संपादकाविषयी बरेच सांगतात. निरोप कोणत्या वाटेने गेला, याविषयी ती बहुधा गप्प असतात.

म्हार्दोळची_वाचक

अक्षरजुळणी, तुमचा प्रश्न योग्य जागी लागला. निम्म्याहून अधिक मजकूर लोकांनी फोनवरून कॉपी करून वाचनालयाच्या क्रमांकावर पाठवला आणि तेथून तो फाइलमध्ये चिकटवला गेला. उरलेला मजकूर दोन स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन फोनचे पडदे पाहून टंकला. त्यांपैकी एका बाईंनी शाळेत आयुष्यभर मराठी शिकवले आहे, आणि त्यांनी वाक्य संपले तेथे पूर्णविराम घातले आहेत. त्यांची सुमारे चाळीस पाने मी आता वेगळी काढली आहेत.

म्हापशाचा_वकील

न्यायालयात हा पुरावा टिकणार नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्याच्या नमुन्यात, नोंद बदललेली नाही हे ताडण्यासाठी, तिचे हॅश मूल्यही द्यावे लागते. जुन्या कायद्यातील कलम ६५-ब चे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात स्पष्ट केले होते. नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. वर्डमध्ये टंकलेल्या मजकुराच्या आधारे दावा लावू नका.

म्हार्दोळची_वाचक

वकीलसाहेब, आमचा कोणाशी वाद नाही आणि दावाही नाही. आम्हाला निरोपांची सूची करायची आहे.

म्हापशाचा_वकील

तर मग प्रश्न वेगळा आहे, परंतु त्या कलमामागची दृष्टी तुमच्याही कामाची आहे. ज्यांचे फोन अजून वापरात आहेत त्यांच्याकडून व्हॉट्सॲपचे संभाषण निर्यात करून मूळ फाइल घ्या आणि ती न उघडता वेगळी ठेवा. त्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीला तारीख, वेळ आणि नाव असते, आणि अँड्रॉइड व आयफोन यांची ती ओळ लिहिण्याची पद्धतही वेगळी आहे. असा पुरावा हाती असताना पूर्णविराम मोजत बसण्याची आवश्यकता राहत नाही.

संख्यारेषा

मी संख्याशास्त्र शिकवते. लांबी आणि विरामचिन्हे हा पुरावाच नाही, असे मी म्हणणार नाही. तो दुबळा पुरावा आहे, आणि तो किती दुबळा आहे हे एका कल्पित उदाहरणाने दाखवता येईल. पुढचे आकडे केवळ हिशेबासाठी मानलेले आहेत.

समजा, संग्रहातील शंभर निरोपांपैकी ९० व्हॉट्सॲपचे आणि १० एसएमएसचे आहेत. समजा, एसएमएस लिहिताना दहापैकी आठ वेळा शेवटचा पूर्णविराम गाळला जातो आणि व्हॉट्सॲपवर दहापैकी सहा वेळा. आता पूर्णविराम नसलेले निरोप बाजूला काढा. त्यांत एसएमएस ८ येतील आणि व्हॉट्सॲपचे ५४. म्हणजे पूर्णविराम नसलेल्या ६२ निरोपांत एसएमएस केवळ ८, सुमारे १३ टक्के. खूण पाहण्यापूर्वी आपण १० टक्क्यांवर होतो, खूण पाहून १३ वर आलो. तुमच्या सहकाऱ्यांचा नियम मात्र त्या सगळ्या बासष्टांवर एसएमएस असा शिक्का मारील आणि त्यांतले चोपन्न चुकतील.

त्यांच्या बाजूने कोणी म्हणेल की आम्ही एकच खूण पाहत नाही, आखूडपणाही पाहतो आणि दोन खुणांचे बळ एकत्र येते. ते तेव्हाच खरे असते जेव्हा दोन खुणा एकमेकींपासून स्वतंत्र असतात. एका ओळीच्या निरोपाला शेवटी पूर्णविराम देण्याची गरज कोणत्याच माध्यमात कोणाला वाटत नाही, कारण निरोप तेथे संपला हे दिसतेच. म्हणून आखूडपणा आणि पूर्णविरामाचा अभाव ही बव्हंशी एकच गोष्ट आहे, आणि तिला दोनदा मोजले की आपल्याला नसलेली खात्री वाटू लागते.

वाऱ्यांनी सांगितलेल्या अभ्यासाविषयी: तो इंग्रजी वाचणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना आखूड उत्तरे कशी वाटतात याविषयी होता. मराठीत कोण कोठे पूर्णविराम देतो, याची मोजणी त्यात नाही.

पेडण्याचा_वारा

तुमचे आकडे मानलेले आहेत, हे तुम्हीच लिहिले आहे. प्रत्यक्षात एसएमएसचे प्रमाण अधिक असेल तर निष्कर्ष उलटू शकतो. वादळाच्या वेळी पेडण्यात आमच्याकडे डेटा जवळपास बंदच होता, पण एसएमएस अधूनमधून जात होते. त्या दोन-तीन दिवसांसाठी नेहमीचे प्रमाण धरणे योग्य होणार नाही.

संख्यारेषा

हा आक्षेप पूर्णपणे रास्त आहे आणि मी तो स्वीकारते. त्या दिवसांपुरते एसएमएसचे प्रमाण अर्ध्यावर गेले असे धरले, तर त्याच खुणेने पन्नासाचे सुमारे सत्तावन्न टक्के होतात. म्हणजे निष्कर्ष बहुतांशी खुणेने बदलला नाही, आरंभीच्या प्रमाणाने बदलला. म्हणून प्रत्येक निरोपाची तारीख आणि त्या गावात त्या दिवशी डेटा सुरू होता का, ही माहिती विरामचिन्हांपेक्षा अधिक मोलाची ठरेल.

मात्र त्याच परिस्थितीची दुसरी बाजूही पाहावी. वीज नाही आणि फोनची बॅटरी संपत आली आहे, अशा वेळी माणूस व्हॉट्सॲपवरही तीनच शब्द लिहितो. आखूडपणाचे कारण तेव्हा वादळ असते.

सासष्टीकार

आमच्या घरी कोकणी रोमी लिपीत लिहिली जाते, आणि हा नियम आमच्या निरोपांना लावला तर काय होईल, हे पाहिले पाहिजे. रोमी लिपीला १६० अक्षरांची मुभा आहे असे वर आले आहे. मग माझ्या आईचे निरोप मराठी शेजारणीच्या निरोपांपेक्षा लांब असतील, आणि तरीही दोघी एसएमएसच वापरत असतील.

तारयंत्र_मडगाव

सासष्टीकार, यात एक पोटभेद आहे. एसएमएसच्या मूळ ७-बिट वर्णमालेत `à`, `è`, `ñ`, `ö` ही अक्षरे आहेत, पण `ã` आणि `õ` नाहीत. आईंनी एखाद्या झुआंवचे नाव `João` असे नीट लिहिले, तर त्या एका अक्षरामुळे सबंध निरोप १६ बिटांवर जातो आणि मर्यादा १६० वरून थेट ७० वर येते. `Joao` लिहिले तर १६० कायम राहते. वळणदार अवतरणचिन्ह किंवा लांब रेघ आली तरी हेच घडते. काही फोन अशी अक्षरे पाठवण्यापूर्वी स्वतःच साधी करून टाकतात. म्हणून चिन्ह नसणे ही लिहिणाऱ्याची सवय आहे की फोनची, हे मजकुरावरून सांगता येत नाही.

सासष्टीकार

हे मला ठाऊक नव्हते. आई नेहमी चिन्ह देऊनच लिहिते आणि तिचे निरोप पोहोचतात तेव्हा ते नसते, यावरून आमच्या घरी एकदा बोलणेही झाले होते.

म्हार्दोळची_वाचक

या चर्चेमुळे मी फाइल पुन्हा चाळली. एक नोंद येथे देते. १७ मे, फोंड्याजवळच्या गावातून एका बाईंनी आपल्या भावाला पाठवलेली. भावाच्या मुलाने वडिलांचा बटणांचा फोन पाहून ती टंकली आहे.

‘वीज नाही, चार्ज संपत आलाय. आम्ही सुखरूप आहोत. रस्त्यावर माड पडलाय,’

येथेच स्वल्पविरामावर मजकूर संपतो. समितीत यावर दोन मते पडली. एकाचे म्हणणे असे की मधले पूर्णविराम आणि स्वल्पविराम इतके व्यवस्थित आहेत की हा एसएमएस असूच शकत नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की शेवट असा अर्धवट सोडण्याची सवय व्हॉट्सॲपवर बोलल्यासारखे लिहिणाऱ्यांची असते. दोघांनीही व्हॉट्सॲप असेच लिहिले.

तारयंत्र_मडगाव

हा निरोप मी यंत्रणा मोजते तसा मोजला. ‘वीज नाही,’ पर्यंत ९, ‘आलाय.’ पर्यंत २६, ‘आहोत.’ पर्यंत ४५, आणि शेवटच्या स्वल्पविरामासह ६६. स्वल्पविरामानंतर एक मोकळी जागा धरली की ६७. जोडणीच्या एसएमएसमधील देवनागरी तुकडा नेमका ६७ चिन्हांवर तुटतो, हे मी वर लिहिले आहे. माझा कयास असा आहे की त्या बाईंनी पुढे काहीतरी लिहिले होते आणि आपल्यासमोर पहिलाच तुकडा आहे. काही फोन सर्व तुकडे येईपर्यंत थांबतात, काही आलेला तुकडा स्वतंत्र निरोप म्हणून दाखवतात. बटणांच्या फोनवर दुसरा प्रकार अगदी शक्य आहे.

येथे लांबीने खरा पुरावा दिला आहे, पण तो आखूडपणाचा नाही. मर्यादेच्या आत असलेला निरोप कोठूनही आलेला असू शकतो. मर्यादेवरच वाक्याच्या मध्यात तुटलेला निरोप त्या मर्यादेकडे बोट दाखवतो.

संख्यारेषा

काका, तर्क सुरेख आहे, पण सदुसष्टावे चिन्ह तुम्ही मानलेले आहे. मुलाने टंकलेल्या मजकुरात शेवटची मोकळी जागा नसणारच, म्हणून ते सिद्धही करता येत नाही आणि खोडताही येत नाही. शिवाय संग्रहात शेकडो नोंदी असतील तर त्यांतली एखादी योगायोगानेही ६६ वर संपेल. स्वल्पविरामावर संपली आहे, ही गोष्ट मला अधिक वजनदार वाटते, कारण योगायोगाने ६६ वर संपणारा निरोप बहुधा पूर्ण वाक्यावर संपेल. दुसरा तुकडा मिळाला तर हा प्रश्न सुटेल. ताई, त्याच मुलाने त्याच दिवशी टंकलेल्या बाकीच्या नोंदी कृपया पाहाव्यात.

म्हार्दोळची_वाचक

पाहिल्या. त्याच पानावर, याच्या लगेच खाली, त्याच बाईंच्या नावावर स्वतंत्र नोंद आहे आणि तीत दोनच शब्द आहेत: ‘उद्या ये’. तिच्यापुढे सहकाऱ्यांनी ‘दोन शब्द, विरामचिन्ह नाही, निश्चितपणे चॅट’ असा शेरा लिहिला होता.

मी दोन्ही जोडून वाचले. ‘रस्त्यावर माड पडलाय, उद्या ये.’ बहीण भावाला सांगत होती की आज रस्ता बंद आहे, उद्या निघ. आमच्या सूचीत हे दोन वेगळे निरोप होते आणि पहिला निरोप वाचून त्या बाई भावाला मदतीसाठी हाक मारत आहेत असे एका वाचकाने टिपणही लिहून ठेवले होते. मी आज त्या घरी फोन केला. भावाच्या फोनवर इंटरनेट कधीच नव्हते, असे मुलाने सांगितले. तो फोन आता त्यांच्याकडे नाही.

तारयंत्र_मडगाव

फोनवर इंटरनेट नव्हते, ही एकच गोष्ट माझ्या सगळ्या मोजणीपेक्षा वजनदार आहे. मोजणीचा उपयोग एवढाच झाला की कोणता प्रश्न विचारायचा हे कळले.

पेडण्याचा_वारा

या नोंदीपुरते मी मान्य करतो. परंतु ज्यांच्या घरी विचारता येत नाही अशा नोंदींचे काय? व्हॉट्सॲपमध्ये शब्द ठळक करण्यासाठी त्याच्या दोन बाजूंना `*` हा तारा लावतात. तसा तारा दिसला तर व्हॉट्सॲप म्हणायला हरकत नसावी.

अक्षरजुळणी_पणजी

तारा ही पूर्णविरामापेक्षा नक्कीच बळकट खूण आहे, कारण तिला त्या जागी विशिष्ट काम आहे. पण ती एवढेच सांगते की मजकूर व्हॉट्सॲपवरून कधीतरी गेला, किंवा लिहिणाऱ्याचा हात तेथे वळला आहे. आमच्याकडे कार्यक्रमपत्रिकेचा मजकूर ईमेलने येतो आणि त्यात तारे तसेच असतात. वादळाच्या वेळी ‘सावधानतेचा इशारा’ असे शीर्षक ताऱ्यांत घालून फिरलेले मजकूर लोकांनी फेसबुकवरही चिकटवले होते. तेव्हा कोठे लिहिला, कोठून पाठवला, कोठे मिळाला आणि कोठून उतरवला, हे चार वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या सूचीत त्यांच्यासाठी एकच रकाना आहे, आणि निम्मा गोंधळ त्यामुळे आहे असे मला वाटते.

संख्यारेषा

लांबीच्या बाबतीत एक प्रत्यक्ष आकडा उपयोगी पडेल. ट्विटरने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये मर्यादा १४० वरून २८० केली. त्या कंपनीच्याच म्हणण्यानुसार आधी इंग्रजीतील सुमारे ९ टक्के ट्वीट १४० च्या मर्यादेला टेकत होते. मर्यादा दुप्पट झाल्यावर १४० च्या वर गेलेले ट्वीट केवळ ५ टक्क्यांच्या आसपास होते आणि २८० ला टेकणारे सुमारे १ टक्का. म्हणजे जेथे मर्यादा सर्वांना ठाऊक होती तेथेही बहुसंख्य लोक तिच्यापासून दूरच लिहीत होते. मर्यादेचा ठसा केवळ टोकाच्या थोड्या मजकुरावर उमटतो. उरलेला मोठा गठ्ठा सगळ्या माध्यमांत सारखाच आखूड असतो, आणि तुमची बहुतेक पाने त्याच गठ्ठ्यातली आहेत.

सांखळीची_सून

मला एक विचारायचे आहे. एकाच व्यक्तीचे पुष्कळ निरोप असतील आणि त्यांतल्या काहींचे माध्यम निश्चित ठाऊक असेल, तर उरलेल्यांसाठी त्या व्यक्तीची सवय वापरता येईल का? माझ्या सासूबाई एसएमएसमध्ये मायना लिहीत नसत, कारण त्या काळी सणासुदीला प्रत्येक एसएमएसचे वेगळे पैसे कापले जात. व्हॉट्सॲप आल्यावर मायना परत आला.

संख्यारेषा

हा मार्ग खरोखर चालण्यासारखा आहे, कारण तुलना एकाच माणसाच्या दोन माध्यमांत होते आणि वय, शिक्षण, लिपी यांचे फरक आपोआप बाजूला पडतात. फक्त वर्षे जुळली पाहिजेत. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत एसएमएसचे निरोप जुने आहेत आणि व्हॉट्सॲपचे नवे, म्हणून मायना माध्यमामुळे आला की पैसे कापणे थांबल्यामुळे, हे दोन्ही एकत्र गुंतलेले आहे. २०२१ मध्ये त्यांनी एसएमएस लिहिला असता तर मायना घातला असता का, हे त्यांनाच विचारावे लागेल.

सांखळीची_सून

विचारले. ‘पैसे पडत नसतील तर मायना का सोडू?’ असे त्या म्हणाल्या.

म्हार्दोळची_वाचक

आज समितीची बैठक झाली. माध्यमाचा रकाना ठेवायचा आणि त्याच्या शेजारी ‘कशावरून’ असा दुसरा रकाना घालायचा, यावर एकमत झाले. पडदा प्रत्यक्ष पाहिला, निर्यात केलेली फाइल मिळाली, घरच्यांनी सांगितले, मजकूर मर्यादेवर तुटलेला आढळला, अशा नोंदी त्यात येतील. लांबी आणि विरामचिन्हे हे कारण त्यात लिहिता येणार नाही, असे मी सुचवले आणि ते मान्य झाले.

एकमत झाले नाही ते ‘अज्ञात’ या शेऱ्यावर. आमचे सहकारी म्हणतात की सूचीत निम्म्या ठिकाणी अज्ञात लिहिले तर वाचणाऱ्याला ती अपुरी वाटेल, आणि निदान ‘बहुधा व्हॉट्सॲप’ असे लिहावे. माझे म्हणणे असे की ‘बहुधा’ हा शब्द पुढच्या प्रतीत गळून पडतो. हा विषय पुढच्या बैठकीसाठी ठेवला आहे. शिक्षिकाबाईंनी टंकलेली चाळीस पाने मूळ फोनशी पुन्हा ताडून पाहण्याचे काम त्यांनी स्वतःच घेतले आहे.

पेडण्याचा_वारा

‘बहुधा’ लिहायला काय हरकत आहे, हे मला अजून कळलेले नाही. शंभर नोंदींपैकी नव्वद व्हॉट्सॲपच्या असतील, तर प्रत्येकीपुढे ‘बहुधा व्हॉट्सॲप’ लिहिणारा नव्वद वेळा बरोबर असेल.

संख्यारेषा

बरोबर असेल, पण मग तो शेरा त्या निरोपाविषयी काहीच सांगत नाही, संग्रहाविषयी सांगतो. ते प्रस्तावनेत एकदा लिहावे. आणि ज्या दहा नोंदी एसएमएसच्या आहेत त्या नेमक्या वादळाच्या पहिल्या दोन दिवसांतल्या असतील, म्हणजे ज्यांच्यासाठी हा संग्रह केला जात आहे, त्याच चुकतील.

सासष्टीकार

म्हार्दोळच्या ताईंना विनंती, रोमी लिपीतील नोंदी असतील तर त्यांची प्रत मला पाठवावी. `ã` असलेल्या आणि नसलेल्या नोंदी मी वेगळ्या करीन आणि आमच्या भागातील ज्या घरांशी ओळख आहे तेथे विचारून येईन. आईच्या जुन्या फोनमधील पाठवलेले निरोप अजून तसेच आहेत. त्यांत चिन्ह दिसते का, हे आधी पाहतो.

तारयंत्र_मडगाव

पाठवलेल्या निरोपात चिन्ह असेल आणि मिळालेल्यात नसेल, तर दोन्ही पडद्यांची छायाचित्रे काढून ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरे साधी करण्याचा पर्याय सुरू आहे का, तेही त्याच वेळी टिपून घ्या.